वडील दवाखान्यात वारले आणि मी 'घरी वारले' म्हणून ऑनलाइन अर्ज भरून बसलो, आता मृत्यू दाखल्याचं काय?

तापीकाठ (चोपडा), सोमवार रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. आप्पा गेले माझे. कालच तेरावं झालं, पाहुणे गेले, आज जरा डोकं जागेवर आलं म्हणून कागदांना हात घातला तर पहिल्याच पायरीला घोळ.

झालं असं की आप्पांना रात्री अचानक दम लागला, चोपड्यात डॉक्टरांनी सांगितलं जळगावला हलवा, तिथं एका खाजगी दवाखान्यात आयसीयूत दोन दिवस होते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. आम्ही लगेच गावाला आणलं, दुपारी अग्नी दिला. आता बँकेत, सोसायटीत, तलाठ्याकडे, जिथं जावं तिथं मृत्यू दाखला मागतात. कुणीतरी म्हणालं सगळं ऑनलाइन होतं, म्हणून मी मोबाईलवर dc.crsorgi.gov.in ला जाऊन नाव-नंबर टाकून लॉगिन केलं आणि मृत्यूची नोंद भरली. मृत्यूचं ठिकाण विचारलं तिथं दवाखाना काही धड निवडता येईना, घर निवडलं की पुढं जात होतं, म्हणून मी गावातल्या घराचा पत्ता टाकला. माहिती देणारा म्हणून माझं नाव, माझं आधार. अर्ज सबमिट झाला, नंबर पण आला. आता स्टेटस पेंडिंग दाखवतंय.

चुलतभाऊ म्हणतो तू खोटी माहिती भरली, पोलीस केस होईल. घाबरलोय थोडा. दवाखान्याने दिलेली फाईल आहे माझ्याकडे, त्यात मृत्यूचं कारण लिहिलेला एक कागद पण आहे. तो अपलोड केला की दाखला निघेल का?

खानदेशी_गडी (पारोळा), सोमवार रात्री १०:४१

भाऊ आप्पांना श्रद्धांजली. घाबरू नका, काही केस-बिस होत नाही. सरळ ग्रामसेवकाकडे जा, आधार आणि स्मशानभूमीत अग्नी दिल्याचा पंचनामा किंवा पोलीस पाटलाचा दाखला द्या, दोन दिवसात काम. माझ्या मायचा दाखला मी असाच काढला होता, ऑनलाइनच्या भानगडीत पडलोच नाही. अंत्यविधी गावात झाला ना, मग नोंद गावातच होते.

शेवभाजी (धुळे), सोमवार रात्री ११:०५

वारस दाखल्याला वेळ लागतो हो, तहसीलला दोन चकरा पकडून चला. आणि सगळ्या बहिणींच्या सह्या आधीच घेऊन ठेवा, नंतर लई ताप होतो, आमच्याकडे एक बहीण सुरतला आणि एक पुण्याला.

तापीकाठ, सोमवार रात्री ११:०८

शेवभाजी भाऊ, वारसाचं नंतरचं आहे, अजून मृत्यू दाखलाच नाही हातात 🙏

दप्तरवाला (धुळे), मंगळवार सकाळी ७:३०

मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू विभागात बावीस वर्षं काढली, आता रिटायर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तापीकाठ, तुमच्यावर केस वगैरे काही होत नाही, पण तो अर्ज मंजूर होऊ देऊ नका. आज सकाळीच ग्रामसेवकाला भेटा आणि सांगा की मृत्यू दवाखान्यात झालाय, माझ्याकडून चुकून घरचा म्हणून भरला गेला, हा नामंजूर करा. मंजूर झाला तर एका माणसाच्या मृत्यूच्या दोन ठिकाणी दोन नोंदी होतील आणि मग एक रद्द करून घ्यायला तुम्हाला जो त्रास होईल तो आत्ताच्या दसपट असेल.

कारण असं आहे. मृत्यूची नोंद माणूस कुठला रहिवासी होता यावर होत नाही, अग्नी कुठं दिला यावरही होत नाही, श्वास कुठं थांबला त्या हद्दीत होते. आप्पा जळगाव शहरात गेले, म्हणजे नोंद जळगाव महानगरपालिकेच्या निबंधकाकडे. गावाचं नाव दाखल्यावर येतं, पण ते पत्त्याच्या खान्यात. खानदेशी_गडी यांच्या आई घरी वारल्या असतील, त्यांचं ग्रामसेवकाकडे झालं ते बरोबरच झालं.

दुसरी गोष्ट, माहिती देणारा. घरात कुणी गेलं तर खबर द्यायची जबाबदारी घरच्या कर्त्या माणसाची. दवाखान्यात गेलं तर दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरची किंवा त्याने नेमलेल्या माणसाची, कायद्यातच तसं आहे, १९६९ च्या. म्हणजे तुम्ही नोंदीसाठी अर्ज करायचाच नव्हता. पोर्टलवर साध्या माणसाला दवाखाना निवडता येत नाही ते याच्याचमुळे, तो खाना दवाखान्याच्या लॉगिनला असतो. दवाखाना भरतो, निबंधक तपासून मंजूर करतो, मग तुम्ही फक्त दाखला घेता.

आणि ते मृत्यूचं कारण लिहिलेलं जे तुमच्या फाईलमध्ये आहे तो नमुना ४ असणार, डॉक्टरने दिलेलं कारणाचं सर्टिफिकेट. ते सांभाळून ठेवा, पण तो दाखला नव्हे. दाखल्यावर मृत्यूचं कारण छापतच नाहीत.

खानदेशी_गडी, मंगळवार सकाळी ८:१२

साहेब तुमचं मान्य, पण माझे चुलते धुळ्याला दवाखान्यात गेले होते आणि नोंद गावातच झाली, दाखला मी स्वतः पाहिलाय. तलाठ्याने पण चालवून घेतला.

दप्तरवाला, मंगळवार सकाळी ८:४०

चालला असेल. ग्रामसेवकाला घरचा मृत्यू सांगितला असेल आणि त्याने लिहिला असेल. दवाखान्याने पण पाठवलं असेल तर धुळ्यात तुमच्या चुलत्यांची आणखी एक नोंद पडून आहे, कदाचित तारखेत एका दिवसाचा फरक असेल. जोपर्यंत दोन्ही दाखले एका टेबलावर येत नाहीत तोपर्यंत कुणाला कळत नाही. भांडण लागलं की एक भाऊ एक आणतो, दुसरा दुसरा आणतो.

अक्का_अमळनेर, मंगळवार दुपारी १:५५

मी एका हॉस्पिटलच्या रेकॉर्डरूमला आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय म्हणून तुटक वाटलं तर समजून घ्या. दप्तरवाला काकांनी सांगितलं ते बरोबर. पण तापीकाठ दादा, नुसतं दवाखाना पाठवेल म्हणून घरी बसू नका, तिथं जाऊन एकच गोष्ट आधी विचारा, की तुम्ही नाव काय पाठवलं.

कारण पेशंट येतो तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात, कुणाच्या हातात आधार नसतं, काउंटरवाला विचारतो नाव काय, भाचा किंवा शेजारी सांगतो "आप्पा पाटील". झालं, केसपेपरवर आप्पा पाटील. तेच नाव बिलावर, तेच लॅबच्या रिपोर्टवर, तेच मृत्यूच्या फॉर्मवर. बॉडी देताना आम्ही नातेवाईकाकडून एक फॉर्म भरून घेतो, नमुना २ ची माहिती असते ती, मयताचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, बायकोचं नाव, आत्ताचा पत्ता, कायमचा पत्ता. खाली व्यवसाय, धर्म, तंबाखू किती वर्षं, सुपारी-गुटखा किती वर्षं, दारू होती का असं पण विचारलेलं असतं. लोक तिथं रडत असतात, कोण वाचतं. ज्याला लिहिता येतं त्याच्या हातात पेन देतात आणि तो बिचारा आप्पांच्या आईचं नाव आठवत बसतो, नाही आठवलं तर रिकामं सोडतो.

तंबाखू-बिंबाखूचा भाग आकडेवारीसाठी असतो, तो दाखल्यावर येत नाही, त्याचं टेन्शन नका घेऊ. वरचा भाग मात्र जसाच्या तसा दाखल्यावर येतो.

तापीकाठ, मंगळवार रात्री ९:१५

अक्का तुम्ही तर जणू तिथंच उभ्या होत्या! भाच्यानेच भरलाय फॉर्म. आणि गंमत ऐका, आत्ता फाईल उघडून बघितली तर केसपेपरवर खरंच "आप्पा पाटील" आहे, पुढं वडिलांचं नाव पण नाही. आधारवर तर आप्पांचं नाव पूर्ण वेगळं, आप्पा हे फक्त घरातलं. नमुना ४ वर पण आप्पाच.

ग्रामसेवक भाऊंना भेटलो, त्यांनी अर्ज नामंजूर करायचं कबूल केलं, थोडे हसले पण. म्हणाले महिन्यात असे दोन-तीन येतात.

आता उद्या जळगावला जातो. काय काय नेऊ? आणि आज पंधरावा दिवस, २१ दिवस उलटले तर कोर्टातून आणावं लागतं असं इथला सेतूवाला म्हणतो, खरं का?

दप्तरवाला, मंगळवार रात्री १०:०२

कोर्ट नाही. २१ दिवसांच्या आत खबर पोचली पाहिजे, ती विनाशुल्क. २१ ते ३० मध्ये निबंधकच थोडं विलंब शुल्क घेऊन नोंद करतो. ३० दिवसांच्या पुढे ते वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की मग दंडाधिकाऱ्याचा आदेश, आणि तिथं आता कागद फार बारीक बघतात. सेतूवाल्याने शेवटचं पहिल्याला चिकटवलं.

आणि हे दिवस खबर द्यायला आहेत, दाखला हातात यायला नाहीत. दवाखान्याने चौथ्या दिवशी पाठवलं असेल तर तुम्ही महिन्यानंतर दाखला घेतलात तरी नोंद वेळेतलीच.

नेताना आप्पांचं आधार, तुमचं आधार, असेल तर जुना शाळेचा दाखला किंवा पॅन, म्हणजे नावाला दुसरा पुरावा, आणि दवाखान्याची पूर्ण फाईल. पण आधी दवाखाना, मग महापालिका. महापालिकेत आधी गेलात तर ते परत दवाखान्यात पाठवतील.

अक्का_अमळनेर, मंगळवार रात्री १०:३०

काका बरोबर. दादा, रेकॉर्डरूमला गेल्यावर असं विचारा, मृत्यूची ऑनलाइन नोंद कोणत्या तारखेला पाठवली, तिचा अर्ज क्रमांक द्या, आणि निबंधकाने मंजूर केली का अजून पेंडिंग आहे. सगळा खेळ या शेवटच्या उत्तरावर आहे. पेंडिंग असेल तर निबंधक ती दुरुस्तीसाठी दवाखान्याकडे परत पाठवू शकतो, आम्ही नाव नीट करून पुन्हा पाठवतो, विषय संपला. मंजूर झाली असेल तर मग आमच्या हातात काही राहत नाही.

आणि दवाखान्याकडून लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात आयपीडी नंबर, दाखल झाल्याची तारीख, मृत्यूची तारीख-वेळ आणि एवढंच वाक्य, की केसपेपरवरचे आप्पा पाटील आणि आधारवरचे अमुक अमुक ही एकच व्यक्ती. सही-शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

जिभाऊ_शिरपूर, बुधवार सकाळी ६:५०

मना सवाल थोडा येगळा शे. माझे वडील दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले, शिरपूरहून धुळ्याला नेत होतो, ॲम्ब्युलन्समध्येच नरडाण्याच्या अलीकडे. धुळ्याच्या दवाखान्याने मृतावस्थेत आणले असं लिहून दिलं आणि नमुना ४ द्यायला नाही म्हणे, कारण आम्ही उपचारच केले नाहीत. आता दोन महिने झाले. गाव म्हणतं आमच्या हद्दीत नाही झालं, धुळं म्हणतं आमच्या दवाखान्यात नाही झालं. माणूस मेला का नाही मंग?

दप्तरवाला, बुधवार सकाळी ७:४५

जिभाऊ, हे सगळ्यात किचकट. चालत्या गाडीत मृत्यू झाला तर खबर गाडीच्या ताब्यातल्या माणसाने द्यायची आणि गाडी जिथं पहिली थांबली तिथल्या निबंधकाकडे नोंद, असा नियम. तुमची गाडी मध्ये कुठं थांबली नसेल तर पहिलं थांबणं धुळ्याचं, म्हणून धुळ्यात मागा. पोस्टमार्टेम झालं होतं का? झालं असेल तर तो रिपोर्ट आणि पोलिसांचा कागद घेऊन जा, त्यावर वेळ आणि ठिकाण असतं. नसेल झालं तर ॲम्ब्युलन्सवाल्याचं लेखी आणि दवाखान्याचा तो मृतावस्थेत आणल्याचा कागद. दोन महिने म्हणजे ३० दिवसांच्या पुढे गेलात, परवानगी लागेल.

जिभाऊ_शिरपूर, बुधवार सकाळी ८:०१

पोस्टमार्टेम नाही केलं. माय नाही म्हणे.

नवापूर_लाईन, बुधवार सकाळी ११:२०

ज्यांचं माणूस सुरतला गेलं त्यांनी महाराष्ट्राच्या कोणत्याच ऑफिसात चकरा मारू नका, माझ्या आयुष्यातला दीड महिना त्यात गेला. गुजरातचं तेव्हा eOlakh म्हणून वेगळं पोर्टल होतं, नोंद सुरत महापालिकेकडे होते. दाखला गुजराती आणि इंग्रजीत येतो, इथल्या तलाठ्याने आधी नाक मुरडलं मग क्यूआर कोड स्कॅन करून दाखवल्यावर घेतला.

आणि एक, ऑनलाइन सेंटरवाल्याने माझ्याकडून सातशे रुपये घेऊन एकदा दाखला काढून दिला होता, तो दिसायला हुबेहूब, क्यूआर पण होता. बँकेत स्कॅन केला तर पत्ता भलत्याच वेबसाइटचा, शेवटी gov.in नाहीच. बँकेतल्या बाईने माझ्याकडे असं बघितलं जसं मीच छापलाय. तेव्हा स्कॅन केल्यावर वर कोणता पत्ता उघडतो ते बघा.

तापीकाठ, गुरुवार रात्री ८:४०

आलो जळगावहून. दोन दिवस गेले पण काम मार्गी लागलं, कसं ते लिहितो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

काल दवाखान्यात रेकॉर्डरूम शोधायलाच अर्धा तास, तळघरात आहे. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरवर बघितलं, आप्पांची नोंद मृत्यूनंतर सहाव्या दिवशी पाठवलेली, म्हणजे वेळेत, आणि स्टेटस पेंडिंग. अक्का तुमचंच नाव घेतलं मनात. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली तर नावाच्या खान्यात आप्पा पाटील, आईच्या नावाचा खाना रिकामा, आणि कायमच्या पत्त्यात भाच्याने स्वतःचा जळगावचा पत्ता लिहिलेला! म्हणजे तसाच दाखला आला असता तर आप्पा कागदावर जळगावचे झाले असते, ज्यांनी आयुष्यात जळगावला एक रात्र काढली नाही हौसेने.

पत्र द्यायला आधी कां-कूं करत होते, म्हणे आमची चूक नाही, नातेवाईकाने सांगितलं तेच आम्ही लिहिलं. खरंय ते, मी पण भांडलो नाही. नमुना २ चा कागद पुन्हा भरून दिला, यावेळी आधार समोर ठेवून, आजीचं नाव आत्याला फोन करून विचारलं. डॉक्टर संध्याकाळी सहाला आले तेव्हा पत्रावर सही मिळाली.

आज महापालिकेत गेलो. तिथल्या मॅडमनी पत्र आणि आधार बघितलं, त्यांच्या लॉगिनमधून नोंद दवाखान्याकडे परत पाठवली, मी तिथूनच रेकॉर्डरूमच्या मुलाला फोन केला, त्याने तासाभरात दुरुस्त करून पुन्हा सबमिट केली. मॅडमनी मंजूर करायच्या आधी मला स्क्रीन दाखवली आणि बरं झालं दाखवली, इंग्रजीत नाव बरोबर होतं पण मराठी खान्यात मशीननं आपोआप उतरवलेलं होतं, त्यात पाटीलचं पाटिल आणि गावाच्या नावाला भलताच काना. ते पण नीट करून घेतलं. चार वाजता दाखला हातात, क्यूआरवाला. नोंदणी क्रमांक आहे, निबंधकाची डिजिटल सही आहे. पाच प्रती काढून घेतल्या.

घरी आल्यावर मायला दाखवला. तिला वाचता येत नाही, तिने फक्त विचारलं आप्पांचं नाव कुठं आहे, मी बोट ठेवलं. मग तिने तो देवघरातल्या फडताळात ठेवला, मला उद्या परत काढून घ्यावा लागेल.

अक्का_अमळनेर, गुरुवार रात्री ९:०५

छान झालं दादा. फाईल टाकून देऊ नका, केसपेपर, नमुना ४ ची प्रत, सगळं. आप्पांचा विमा असेल आणि पॉलिसी नवी असेल, दोन-तीन वर्षांतली, तर कंपनी दाखल्याबरोबर उपचाराचे कागद पण मागते. तिथं परत केसपेपरवर आप्पा पाटीलच दिसणार, म्हणून ते लेटरहेडवालं पत्र पण जपा.

शिंदखेडाकर, शुक्रवार सकाळी १०:१५

माझं उलटं झालंय. दाखला दोन वर्षांपूर्वीच निघाला, आता बघतो तर वडिलांचं नाव चुकलंय. दवाखाना आता बंद पडलाय. कुणाचं पत्र आणू?

दप्तरवाला, शुक्रवार सकाळी ११:३०

मंजूर झालेल्या नोंदीत खाडाखोड होत नाही, मूळ तसंच ठेवून बाजूला शेरा मारून दुरुस्ती होते, कलम १५ खाली. त्यासाठी तुमचा अर्ज, काय चुकलं आणि खरं काय ते, आणि माहीतगार दोन विश्वासू माणसांचं निवेदन. सोबत वडिलांच्या हयातीतले पुरावे, मृत्यूनंतर काढलेले कागद फारसे धरत नाहीत. दवाखाना बंद असला तरी त्याने पाठवलेला मूळ अहवाल निबंधकाच्या दप्तरात असायला हवा, तो आधी काढायला लावा. तिथं बरोबर असेल आणि उतरवताना चुकलं असेल तर काम सोपं. तिथंच चुकलं असेल तर निबंधक किती ताणेल हे माणसावर आहे.

खानदेशी_गडी, शुक्रवार दुपारी १२:४०

दप्तरवाला साहेब, तुमचं वाचून रात्री झोप नाही. चुलतभावाला धुळ्याला पाठवलं होतं आज. निघाली हो तिथं दुसरी नोंद. तारीख एक दिवस मागची.

दप्तरवाला, शुक्रवार दुपारी १:०५

गावातली रद्द करायला अर्ज द्या, धुळ्याच्या नोंदीची प्रत जोडून. पण आधी सांगा, गावच्या दाखल्यावर फेरफार झालाय का?

खानदेशी_गडी, शुक्रवार दुपारी १:०७

झालाय. विकली पण आहे त्यातली एक बिघा.

तापीकाठ, शुक्रवार रात्री ९:५०

माझी पण एक भर. आज दाखला घेऊन तलाठी ऑफिसला गेलो वारस नोंदीसाठी. सातबाऱ्यावर आप्पांचं नाव तिसरंच निघालं, आजोबांनी वाटणीच्या वेळी लावलेलं, त्यात आडनाव पाटील नाहीच, मूळ आडनाव आहे. तलाठी भाऊसाहेब म्हणतात एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. शेवभाजी भाऊ, तुमच्या त्या वारसाच्या चकरांचं आता सांगा, बहिणींच्या सह्या कशावर घेतल्या होत्या?

शेवभाजी, शुक्रवार रात्री १०:३०

सांगतो ना, पण मी तर आधीच म्हटलं होतं 😄 उद्या कागद शोधून लिहितो, सुरतच्या बहिणीकडे आहेत.